रेघा झाकून, पट्ट्या मोजून

मागच्या व्याख्यानानंतर इथले, वाडीतलेच एक काका पुढे आले. भजनाला पेटी वाजवण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. नातीच्या कीबोर्ड क्लासच्या स्लाइड त्यांनी मोबाइलवर दाखवल्या आणि म्हणाले, "पाच रेघा आणि त्यावर टिकल्या, ह्यातलं मला काही वाचता येत नाही. पोरगी भूप वाजवते, खाली कॉर्ड धरते, आणि मला ते खटकतं. पण का खटकतं, ते तिला सांगता येत नाही."

आज आपण त्याच तीन स्लाइड घेऊ. रेघा झाकून ठेवू. समोर पेटी आहे, तेवढी पुरे. (संगीत कागदावर उतरवण्याची स्वतःची पद्धत तयार करणारे विष्णु दिगंबर पलुस्कर १८७२ साली इथून हाकेच्या अंतरावर, कुरुंदवाडात जन्मले. तेव्हा नोटेशनशी आपलं वैर आहे असं कुणी समजू नये.)

पहिली स्लाइड स्केलची. टिकल्यांखाली अक्षरं आहेत: W W H W W W H. H म्हणजे अगदी लगतची पट्टी, मग ती काळी असो की पांढरी. W म्हणजे मधली एक सोडून पुढची. बस्स, मेजर स्केल म्हणजे एवढंच, आणि तेच आपले सात शुद्ध स्वर. सा पांढरी एकवर धरला, तर सगळे स्वर पांढऱ्यांवरच येतात. म्हणून नवशिक्याला वाटतं, पांढऱ्या पट्ट्या म्हणजेच स्केल. ते खरं नाही. सा काळी एकवर न्या आणि तीच अक्षरं मोजा: रे काळी दोन, ग पांढरी चार, म काळी तीन, प काळी चार, ध काळी पाच, नी वरच्या सप्तकातली पांढरी एक, आणि मग वरचा सा. पट्ट्या बदलल्या, अंतरं तीच राहिली. म्हणूनच चाल ओळखू येते.

दुसरी स्लाइड इंटरव्हलची, म्हणजे दोन स्वरांमधल्या अंतराची. इथे काकांचा गोंधळ झाला, आणि तो होणारच. स्लाइड सा-प ला 'फिफ्थ' म्हणते, पण पट्ट्या मोजल्या तर सात भरतात. कारण ते लोक स्वरांची नावं मोजतात, तीही पहिलं धरून: सा, रे, ग, म, प, झाले पाच. आपण पट्ट्या मोजू, पण सुरुवातीची पट्टी धरायची नाही, ती शून्य. बरोबर मोजताय की नाही, हे बघायचं असेल तर सा पासून वरच्या सा पर्यंत जा. बारा आले पाहिजेत. तेरा आले तर पहिली पट्टी मोजलीत. ह्या हिशेबाने सा ते कोमल ग तीन, सा ते शुद्ध ग चार. स्लाइडवरचे 'मायनर थर्ड' आणि 'मेजर थर्ड' ते हेच.

आता कॉर्ड. तीन स्वर एकदम दाबायचे. सा-ग-प मध्ये आधी चार, मग तीन पट्ट्यांचं अंतर, हा मेजर. ग कोमल केला की आधी तीन, मग चार, हा मायनर. बाहेरचे दोन स्वर तेच, फक्त मधला एक पट्टी सरकला.

नातीच्या क्लासमध्ये तीन कॉर्ड दिले होते: सा वरचा, म वरचा, प वरचा. बहुतेक सोप्या गाण्यांना ते पुरतात. पण भूपात स्वर पाचच: सा रे ग प ध. म वरचा कॉर्ड उघडून बघा: म-ध-सा. म भूपात वर्ज्य. प वरचा: प-नी-रे. नी वर्ज्य. म्हणजे पोरगी वरच्या हाताने भूप वाजवत होती आणि खालच्या हाताने तो मोडत होती. काकांच्या कानाने नेमकं तेच पकडलं होतं.

मग भूपाच्या पाच स्वरांतून असे कॉर्ड बनतात तरी किती? आम्ही पेटीवर शोधले, दोनच निघाले. सा-ग-प, आणि खालच्या ध पासून ध-सा-ग. हा दुसरा तीन-चारचा, म्हणजे मायनर. त्यातही पेटीचा ग तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणाऱ्या गांधारापेक्षा किंचित चढा असतो. एकटा वाजला तर चालून जातो, कॉर्डमध्ये लांब धरला की कंप जाणवतो. म्हणून कॉर्ड हलका धरून सोडावा.

राहिला रे. ह्या दोन्ही कॉर्डमध्ये तो नाही. चाल रे वर थांबली की कॉर्ड सोडून खालचा नुसता प धरायचा. तिथून वरच्या रे पर्यंत मोजा, सात पट्ट्या भरतात. काकांनी हे इथेच वाजवून बघितलं आणि म्हणाले, "हे आम्ही भजनात करतोच की."