तत्काळ हस्तांतरण व फेरीचे हस्तांतरण : पैशांच्या दोन वाटा

वसतिगृहाचे शुल्क किंवा विद्यालयाची देणगी आता बहुधा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात परस्पर पाठविली जाते. त्यासाठी एनईएफटी आणि आयएमपीएस या दोन वाटा रूढ आहेत. दोहोंतील भेद केवळ वेगाचा नसून क्रमाचा आहे, हे येथे एका उदाहरणाने आम्ही स्पष्ट करू इच्छितो.

समजा, एका पालकाने सकाळी १० वाजून १० मिनिटांनी ४,००० रुपये एनईएफटीने पाठविले. २००५ साली सुरू झालेली ही व्यवस्था डिसेंबर २०१९ पासून अहोरात्र चालते व दर अर्ध्या तासाला तिची एक फेरी असते. पालकाच्या खात्यातून रक्कम लगेच वजा होते, पण तिचा संदेश साडेदहाच्या फेरीची वाट पाहत थांबतो. त्या फेरीत रिझर्व्ह बँक सर्व बँकांच्या येण्या-देण्याची वजावट करते. केवळ दोनच बँका आहेत असे मानले, पहिलीने दुसरीला ५० लाख द्यायचे असले आणि दुसरीने पहिलीला ४२ लाख, तर प्रत्यक्षात ८ लाखच हलतात. हा हिशेब मिटल्यानंतरच विद्यालयाची बँक ४,००० रुपये जमा करते. त्यासाठी तिला दोन तासांची मुदत आहे. म्हणजे साडेबारापर्यंत रक्कम जमा तरी व्हावी किंवा परत तरी फिरावी.

२०१० साली आलेल्या आयएमपीएसमध्ये हा क्रम उलटा होतो. पालकाच्या बँकेचा संदेश राष्ट्रीय भुगतान निगमामार्फत विद्यालयाच्या बँकेकडे जातो. ती खाते तपासते, रक्कम जमा करते आणि होकार कळविते. हे सारे काही क्षणांत आटोपते. बँकांचा आपसातला हिशेब मात्र येथेही नंतर, ठरावीक फेऱ्यांनीच मिटतो. थोडक्यात, एनईएफटीत आधी बँकांचा हिशेब मिटतो व मग ग्राहकाला पैसे मिळतात. आयएमपीएसमध्ये ग्राहकाला आधी मिळतात. यूपीआयचीही रीत हीच आहे.

या उलट्या क्रमातूनच एक अडचण उद्भवते. परतीचा होकार वाटेतच अडकला, तर पालकाच्या खात्यातून पैसे गेलेले दिसतात, पण व्यवहार ‘प्रलंबित’ राहतो. अशा वेळी घाईने तीच रक्कम पुन्हा पाठविल्यास शुल्क दोनदा भरले जाण्याचा संभव असतो, कारण पहिली रक्कम कदाचित जमा झालेलीही असते. आधी व्यवहाराचा संदर्भ क्रमांक विद्यालयाच्या कार्यालयास कळवून जमेची खातरजमा करावी. रक्कम जमा करता आली नसेल, तर ती दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यावी असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्यापुढील विलंबाला दररोज १०० रुपये भरपाई ठरलेली आहे.

एक मर्यादा मात्र दोन्ही वाटांना समान आहे. रक्कम जमा होते ती खाते क्रमांकावर. चुकलेला क्रमांक दुसऱ्या कोणाचा चालू खाते क्रमांक निघाला, तर कोणतीही फेरी ती आपोआप परत आणीत नाही. म्हणून पाठविण्यापूर्वी क्रमांक पावतीशी ताडून पाहावा.