सातशे शब्द आणि दहा सप्टेंबर

शताब्दीच्या स्मरणिकेसाठी एखाद्या ज्येष्ठ साहित्यिकाकडे प्रस्तावना मागायची ठरली की समितीच्या बैठकीत एक मुद्दा हमखास निघतो. एवढ्या मोठ्या माणसाला शब्दमर्यादा कशी सांगायची? मुदत घातलेली बरं दिसेल का? मग सर्वानुमते मसुदा तयार होतो : ‘आपल्या सवडीने, थोडक्यात चार शब्द लिहून पाठवावेत.’ यात कुणाचा अवमान होत नाही, पण प्रस्तावनाही वेळेत येत नाही. ‘सवडीने’ हा शब्द ज्येष्ठ माणसं खरा मानतात. चार शब्दांचे तर कधी शंभर होतात, कधी चार हजार.

यात त्यांचा दोष नाही. मराठीत प्रस्तावनेला ठरलेलं माप असं कधी नव्हतंच. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’च्या पहिल्या खंडाला लिहिलेली प्रस्तावना इतकी विस्तृत आहे, की ती स्वतंत्र ग्रंथासारखी अभ्यासली जाते. ‘श्रीमान योगी’ची प्रस्तावना म्हणजे नरहर कुरुंदकरांनी रणजित देसाईंना लिहिलेलं दीर्घ पत्र. असल्या प्रस्तावना वाचत वाढलेल्या माणसाला आपल्या स्मरणिकेत दोनच पानं आहेत हे आपणहून कळायचं कसं? ते आपणच सांगायला हवं. ते पहिल्याच पत्रात सांगावं, मजकूर हाती आल्यावर फोन करून नव्हे.

समजा, १९२६ साली स्थापन झालेलं तालुक्याच्या गावचं एक सार्वजनिक वाचनालय आहे. वर्धापनदिन १ नोव्हेंबर, त्याच दिवशी स्मरणिकेचं प्रकाशन. तारखा इथून मागे मोजत जायच्या. १ नोव्हेंबर म्हणजे दिवाळीचा तोंड. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छापखाने दिवाळी अंक आणि कॅलेंडरांत बुडालेले असतात, त्यामुळे छापखानेवाला २५ सप्टेंबरला सगळी पानं पक्की मागतो. तोवर प्रस्तावना टाइप होऊन, तिचं मुद्रित तपासून, खुद्द लेखकाच्या नजरेखालून गेलेली हवी. त्याला दोन आठवडे धरा. म्हणजे हस्तलिखित १० सप्टेंबरला हाती यायला हवं. २०२६ साली गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे, म्हणून पत्रात ‘गुरुवार, १० सप्टेंबर, म्हणजे गणपती बसण्यापूर्वी’ असं लिहावं. नुसत्या तारखेपेक्षा सणाची खूण पक्की लक्षात राहते. आणि पत्र जायला हवं जूनअखेर. लिहिणाऱ्याला दोन महिने मिळाले पाहिजेत. पंधरा दिवसांची मुदत घालायची असेल तर शुभसंदेश मागावा, प्रस्तावना मागू नये.

शब्दमर्यादाही अशीच हिशेबाने निघते. स्मरणिकेच्या एका भरल्या पानात साधारण ४०० शब्द बसतात. प्रस्तावनेला दोन पानं राखली आहेत. पहिल्या पानावर शीर्षक आणि थोडी मोकळी जागा गेली की तिथे अडीच-तीनशे शब्द उरतात. बेरीज ६५० ते ७००. पण ऐंशी वर्षांच्या लेखकाला शब्द मोजायला लावू नयेत. हाताने लिहिणाऱ्याला ‘एका बाजूला लिहिलेली सुमारे तीन फुलस्केप पानं’ हे माप लगेच कळतं. आकडा आणि पानं, दोन्ही द्यावीत.

आता भाषा. ‘कृपया दि. १० सप्टेंबरपर्यंत ७०० शब्दांत प्रस्तावना पाठवावी’ हे वाक्य ‘कृपया’ असूनही निविदेच्या जाहिरातीसारखं वाटतं, कारण त्यात हुकूम आहे आणि कारण नाही. तेच असं लिहून पाहा :

‘स्मरणिकेत प्रस्तावनेसाठी आम्ही दोन पानं राखून ठेवली आहेत. त्यांत सुमारे ७०० शब्द, म्हणजे एका बाजूला लिहिलेली तीन फुलस्केप पानं, बसतात. आपल्या लेखणीला ही जागा अपुरी आहे याची जाणीव आहे. पण वर्गणीतून निघणाऱ्या अंकाला पानं वाढवणं परवडणारं नाही. छपाई २५ सप्टेंबरला सुरू होते. आपलं लेखन गुरुवार, १० सप्टेंबरपर्यंत मिळालं तर मुद्रितं आपल्याला दाखवून मगच छापता येतील. प्रकृतीमुळे वा अन्य कामांमुळे हे शक्य नसेल तर तसं निःसंकोच कळवावं, आम्ही समजून घेऊ.’

यात अडचण आपली आहे, त्यांची नाही. मुदत पाळण्यात त्यांचाही फायदा आहे, कारण मुद्रितं बघायला मिळणार. आणि शेवटच्या वाक्याने नाही म्हणायची वाट मोकळी ठेवली आहे. ती नसेल तर भिडेखातर होकार मिळतो, आणि भिडेखातर दिलेल्या होकाराची प्रस्तावना ऑक्टोबर उजाडला तरी येत नाही.

पत्रासोबत काय जातं यावर प्रस्तावनेचा दर्जा ठरतो. अध्यक्षांचं मनोगत संस्थेबद्दल असतं, संपादकीय अंकाच्या जडणघडणीबद्दल. प्रस्तावनाकाराने मात्र अंकात काय आहे ते वाचून त्याचं मोल सांगायचं असतं. म्हणून अनुक्रमणिका, तयार असलेले दोन-तीन चांगले लेख आणि संस्थेच्या शंभर वर्षांचं एक पानी टिपण द्यावं, तेही ठळक मोठ्या टाइपात. हे दिलं नाही तर ‘वाचनसंस्कृतीचं महत्त्व’ या विषयावरचा मजकूर येतो, जो कुठल्याही वाचनालयाला चालला असता. त्या लेखकाचं गावाशी काही नातं असेल, इथे शाळेत असताना वाचलेलं पुस्तक किंवा दिलेलं व्याख्यान, तर त्याचा पत्रात उल्लेख करावा. लिहायला तेवढा धागा पुरतो.

पत्र शक्यतो हातात द्यावं. आधी फोनवर वेळ विचारून दोघांनीच जावं. सात-आठ पदाधिकाऱ्यांचा ताफा घरात शिरला की बिचाऱ्यांना चहाचीच चिंता लागते. शाल-श्रीफळ या भेटीत नको. मागण्याआधीच सत्कार केला की तो आगाऊ दिलेल्या मोबदल्यासारखा दिसतो. मानधन देणार असाल तर रक्कम पत्रातच लिहावी, देणार नसाल तर तेही लिहावं. हात थरथरत असेल, डोळे साथ देत नसतील, तर लेखनिक पाठवायची तयारी दाखवावी, आणि सांगून लिहवलेला मजकूर वाचून दाखवून प्रत्येक पानावर सही घ्यावी. ‘तुम्हीच लिहून आणा, मी सही करतो’ असं कुणी म्हणालं तर मात्र नम्रपणे शुभसंदेशावर यावं. दुसऱ्याने लिहिलेली प्रस्तावना गावातल्या जुन्या वाचकांना पहिल्या परिच्छेदातच ओळखू येते.

मधे एकदाच आठवण द्यावी, ऑगस्टच्या मध्यात. ‘झालं का?’ असं विचारू नये. ‘आणखी दोन लेख आले आहेत, पाठवू का?’ असं विचारलं की मुदतीची आठवणही आपोआप होते.

एवढं करूनही बाराशे शब्द आलेच, तर? परस्पर कात्री लावू नका. दोन पर्याय घेऊन फोन करा : त्यांनीच कमी करावं, किंवा सगळा मजकूर अंकात लेख म्हणून घेऊन त्यातला त्यांनी निवडलेला भाग प्रस्तावनेच्या जागी छापावा. बहुतेक जण दुसरा पर्याय घेतात असं मला वाटतं, आणि तोच अंकालाही परवडतो. फक्त त्यासाठी दोन-तीन पानं हाताशी राखलेली असावीत.

स्मरणिका छापून आली की पहिली प्रत प्रस्तावनाकारांच्या घरी समारंभाआधी पोचती करा, बरोबर आणखी चार प्रती द्या. प्रकाशनाला येणं त्यांना जमेलच असं नाही.