वाकडी काठी आणि नसलेले पक्षी

बादलीत २० सेंटिमीटर पाणी घ्या आणि त्यात एक सरळ काठी तिरकी धरा. पाणी जिथे सुरू होतं तिथे ती मोडल्यासारखी दिसते. वरून पाहिलं तर बादलीचा तळही वर आल्यासारखा, जेमतेम १५ सेंटिमीटरवर वाटतो. पाण्यातून हवेत येताना प्रकाशकिरण वळतात, एवढं सांगून भौतिकशास्त्र मोकळं होतं. काठी सरळ आहे, तर मग वाकडं दिसतंय ते काय, हा प्रश्न मात्र शिल्लक राहतो.

रोजच्या व्यवहारात आपण सगळेच साक्षात् वास्तववादी असतो. समोर झाड दिसलं की आपल्याला झाडच दिसतं, मध्ये दुसरं काही नसतं, असं धरून चालतो. जॉन लॉकच्या परंपरेतले प्रतिरूपवादी हे मानत नाहीत. झाड बाहेर आहे हे त्यांनाही मान्य आहे, पण आपल्या थेट ओळखीचं असतं ते मनात उमटलेलं त्याचं प्रतिरूप, असं ते म्हणतात.

काठीच्या भ्रमावरून त्यांचा युक्तिवाद असा. वाकडं दिसतंय, म्हणजे वाकडं असं काहीतरी असलंच पाहिजे. काठी तर वाकडी नाही, तेव्हा दिसतंय ते काठीहून निराळं, मनातलं काही असणार. शिवाय काठी हळूहळू पाण्याबाहेर काढली तर एक वस्तू जाऊन दुसरी आली असं कुठेच जाणवत नाही. म्हणून सरळ काठी पाहतानाही आपण प्रतिरूपच पाहत असतो. ए. जे. एअर यांच्या १९४० सालच्या पुस्तकात या युक्तिवादाची सविस्तर चर्चा आहे. ऑक्सफर्डच्या जे. एल. ऑस्टिन यांनी आपल्या व्याख्यानांत त्याची चिरफाड केली आणि ती व्याख्यानं त्यांच्या मृत्यूनंतर १९६२ मध्ये छापली गेली. आपल्याला दिसते ती अर्धी पाण्यात बुडालेली काठी, आणि अशी काठी अशीच दिसायची, हा त्यांचा रोख होता.

मला ऑस्टिन यांचं म्हणणं पटतं. त्या काठीचा फोटो काढा, फोटोतही ती वाकडीच येते. हा वाकडेपणा प्रकाशाच्या वाटेतला आहे, त्यासाठी मनात वाकडी वस्तू मानायची गरज नाही. ‘वाकडं दिसतंय म्हणून वाकडं काही आहे’ ही पहिलीच पायरी कच्ची आहे.

भासाचं तसं नाही. भ्रमात निदान काठी तरी असते, भासात समोर काहीच नसतं. १७६० मध्ये जिनिव्हाचे निसर्गअभ्यासक चार्ल्स बॉने यांनी आपल्या आजोबांची हकिकत नोंदवली. मोतीबिंदूमुळे नजर अधू झालेल्या या वृद्धाला माणसं, पक्षी, गाड्या, इमारती दिसत. बुद्धी शाबूत होती आणि यातलं काही खरं नाही हे त्यांना ठाऊक होतं. दृष्टी गेलेल्या अनेकांना असं दिसतं आणि या अवस्थेला आज बॉने यांचंच नाव आहे. अशा रुग्णांच्या मेंदूची चित्रं घेणारा एक अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. रंगांचे भास होणाऱ्यांच्या मेंदूत रंग पाहताना जागा होणारा भागच जागा झालेला आढळला.

इथे प्रतिरूपवादाला खरं बळ मिळतं. पक्षी नसताना केवळ मेंदूतल्या हालचालीने पक्षी दिसत असेल, तर खरा पक्षी पाहतानाही तीच हालचाल होते, म्हणजे तोच अनुभव तेव्हाही असणार. मग त्या अनुभवात खऱ्या पक्ष्याचा वाटा कोणता? आजोबांना भास ओळखता येत होता, हे याला उत्तर होत नाही. हुबेहूब, न ओळखता येणारा भास शक्य आहे, एवढंच या युक्तिवादाला पुरतं.

साक्षात् वास्तववाद्यांपैकी काहींनी यावर धीट उत्तर दिलं आहे. खरं दिसणं आणि भास एकसारखे वाटले तरी ते एका जातीचे नाहीत. पहिल्या अनुभवात पक्षी स्वतःच सामील असतो, दुसऱ्यात तसं काही नसतं. जे. एम. हिंटन यांनी १९६० च्या दशकात ही वाट दाखवली. मेंदूच्या हालचालीची अडचण एम. जी. एफ. मार्टिन यांनी नेमकी ओळखली. भासाबद्दल ‘खऱ्या दिसण्यापासून तो वेगळा ओळखता येत नाही’ याखेरीज काही सांगायचंच नाही, असं त्यांनी ठरवलं. भासाला स्वतःचं असं रूप दिलंच नाही, की खऱ्या अनुभवातल्या पक्ष्याचं काम हिरावून घ्यायला काही उरत नाही.

या उत्तराची किंमत मात्र मोठी आहे. कुत्र्यालाही भास होऊ शकेल. पण ‘हे खरं की भास’ अशी पारख त्याला मुळात करताच येत नाही, त्यामुळे कुठलाच अनुभव दुसऱ्यापासून त्याला वेगळा ओळखता यायचा नाही. मग हाडाचा भास आणि पक्ष्याचा भास यांतला फरक कशात आहे, हे नुसत्या ‘ओळखता येत नाही’वरून सांगता येत नाही. सुझॅना सीगल यांनी याच धर्तीचा आक्षेप घेतला आहे. साक्षात् वास्तववाद मला जवळचा वाटतो, पण या आक्षेपाचं निरसन झालेलं मला अजून दिसलेलं नाही.