'ला' एकच, रूपं दोन: जर्मनमधली चतुर्थी

शाळेत विभक्तीचा तक्ता पाठ करताना द्वितीया आणि चतुर्थी यांचे प्रत्यय एकसारखेच होते: स, ला, ते. त्यामुळे 'मी त्याला विचारतो' आणि 'मी त्याला उत्तर देतो' या दोन वाक्यांतल्या 'त्याला'मध्ये फरक असू शकतो, असं आपल्या मनातही येत नाही. जर्मनमध्ये मात्र ही दोन वेगळी रूपं आहेत. पहिल्या वाक्यात 'ईन' येतं, दुसऱ्यात 'ईम'. कुठे कोणतं रूप घ्यायचं, हे सर्वनाम ठरवत नाही. ते क्रियापद ठरवतं. काही जर्मन क्रियापदांना कर्म चतुर्थीतच लागतं, आणि नवशिक्याला रोज लागणारी बरीच क्रियापदं त्याच गटातली आहेत.

ती ओळखण्यासाठी एक छोटा संवाद पाहू. जर्मन शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. जुन्या वस्तूंच्या बाजारात लेना आणि तिचा मित्र योनास एक जॅकेट पाहत आहेत.

लेना: योनास, गेफेल्ट डीर डी याके?
योनास: या, झी गेफेल्ट मीर. पास्ट झी डीर?
लेना: नाइन, झी पास्ट मीर निश्ट. माइन ब्रूडर हाट बाल्ड गेबुर्ट्सटाग. फिलाइश्ट पास्ट झी ईम. इश फ्रागे ईन.
विक्रेती: गूटेन टाग! कान इश ईनेन हेल्फेन?
योनास: या, बिटे. गेहोर्ट डी याके ईनेन?
विक्रेती: नाइन, माइने टोख्टर फेरकाउफ्ट झी. झी गेहोर्ट ईर.
योनास: डी शूए गेफालेन मीर आउख.
लेना: माइन ब्रूडर आन्टवोर्टेट मीर निश्ट. एगाल, इश नेमे झी. इश डांके ईनेन!

अर्थ सोपा आहे. लेना विचारते, जॅकेट तुला आवडलं का? योनासला ते आवडतं, पण लेनाला ते बसत नाही. तिच्या भावाचा वाढदिवस जवळ आला आहे, त्याला कदाचित बसेल, म्हणून ती त्याला मेसेज करून विचारते. विक्रेती मदत हवी का विचारते. जॅकेट तुमचं आहे का, असं योनासने विचारल्यावर ती सांगते की मुलगी ते विकते आहे, ते तिचं आहे. योनासला तिथले बूटही आवडतात. भाऊ काही उत्तर देत नाही. असू दे, मी घेते, असं म्हणून लेना आभार मानते.

आता क्रियापदांकडे वळू. 'गेफालेन' म्हणजे आवडणं, 'पासेन' म्हणजे मापाने बसणं. या दोघांशी मराठी माणसाचं लगेच जमतं, कारण आपली रचनाही तशीच आहे. 'मला जॅकेट आवडतं' या वाक्यात कर्ता जॅकेट आहे आणि माणूस चतुर्थीत. म्हणून 'झी गेफेल्ट मीर' आपल्याला शब्दाला शब्द लावून समजतं. इंग्रजीच्या सवयीने 'इश गेफाले डी याके' असं म्हणू नका. त्याने 'मी'च आवडणारी वस्तू होऊन बसतो.

पण मराठीवर किती विसंबायचं याला मर्यादा आहे. 'म्योगेन' या क्रियापदाचा अर्थही आवडणंच, पण तिथे माणूस कर्ता असतो: 'इश माग टे', म्हणजे मला चहा आवडतो. इथे 'मला' डोक्यात ठेवून 'मीर माग' म्हटलं की चुकलं. 'गेहोरेन'च्या बाबतीत उलट घडतं. आपण 'ते तिचं आहे' असं षष्ठीने म्हणतो, जर्मन माणूस 'ते तिला आहे' अशा धर्तीवर चतुर्थी वापरतो: 'झी गेहोर्ट ईर'. 'डांकेन'चंही तसंच. आपण 'तुमचे आभार' म्हणतो, तिथे ईनेन येतं.

सगळ्यात जास्त घसरगुंडी 'विचारणं' आणि 'उत्तर देणं' या जोडीवर होते. 'फ्रागेन'ला द्वितीया लागते, 'आन्टवोर्टेन'ला चतुर्थी. दोन्हींकडे समोर माणूसच आहे आणि मराठीत दोन्हींकडे 'ला'च आहे, त्यामुळे अर्थावरून तर्क करून काही हाती लागत नाही. 'हेल्फेन', म्हणजे मदत करणं, हेही चतुर्थीवालं आहे, म्हणून 'इश हेल्फे डिश' हे चूक आणि 'इश हेल्फे डीर' हे बरोबर.

सर्वनामांची रूपं अशी. मला: द्वितीयेत मिश, चतुर्थीत मीर. तुला: डिश आणि डीर. त्याला: ईन आणि ईम. तिला: झी आणि ईर. त्यांना: झी आणि ईनेन. आदरार्थी 'तुम्हाला'साठीही झी आणि ईनेनच, फक्त लिहिताना पहिलं अक्षर मोठं काढायचं. 'आम्हाला'चं उन्स आणि मित्रमंडळींना म्हणायच्या 'तुम्हाला'चं ऑइश दोन्ही विभक्तींत सारखंच राहतं, त्यामुळे तिथे चूक व्हायला जागाच नाही.

आता प्रश्न. उत्तर वाचण्याआधी संवादाकडे परत जाऊन स्वतः शोधा.

पहिला प्रश्न: लेना भावाबद्दल आधी 'ईम' आणि लगेच पुढच्या वाक्यात 'ईन' का म्हणते? माणूस तोच आहे, क्रियापद बदललं आहे. 'पासेन'ला चतुर्थी, 'फ्रागेन'ला द्वितीया.

दुसरा: 'झी गेहोर्ट ईर' यात झी कोण आणि ईर कोण? झी म्हणजे जॅकेट. 'याके' हा शब्द जर्मनमध्ये स्त्रीलिंगी आहे, म्हणून त्याच्यासाठी 'ती'चं सर्वनाम येतं. ईर म्हणजे मुलगी. आणि 'इश नेमे झी'मधलं झी? तेही जॅकेटच, पण इथे ते कर्ता नसून द्वितीयेतलं कर्म आहे. रूप तेच राहिलं, काम बदललं.

तिसरा: जॅकेटला 'गेफेल्ट' आणि बुटांना 'गेफालेन' का? क्रियापद आवडणाऱ्या वस्तूप्रमाणे चालतं. बूट अनेकवचनी आहेत. मग जॅकेट लेना आणि योनास दोघांनाही आवडलं तर? 'डी याके गेफेल्ट उन्स'. माणसं दोन झाली तरी क्रियापद एकवचनीच राहतं. इथे 'गेफालेन' लिहिलंत तर कर्ता कोणता, हे अजून पक्कं झालेलं नाही असं समजा.

चौथा: भावाऐवजी बहीण असती तर लेनाची ती दोन वाक्यं कशी झाली असती? 'फिलाइश्ट पास्ट झी ईर. इश फ्रागे झी.' पहिल्या वाक्यातलं झी जॅकेट आहे, दुसऱ्यातलं बहीण. हा प्रश्न सुटला तर वरचे तिन्ही नीट समजले.

चतुर्थीवाल्या क्रियापदांसाठी भरवशाचा नियम नाही, ती एकेक करून लक्षात ठेवावी लागतात. म्हणून वहीत नुसतं 'हेल्फेन' लिहू नका, 'येमान्डेम हेल्फेन' म्हणजे 'कुणाला तरी मदत करणं' असं लिहा. 'फ्रागेन'पुढे मात्र 'येमान्डेन' लिहा. जर्मन शब्दकोशातही क्रियापदासोबत याच शब्दाचं संक्षिप्त रूप छापलेलं असतं. त्याचं शेवटचं अक्षर 'एम' असेल तर चतुर्थी, 'एन' असेल तर द्वितीया.