कानस कुणाच्या हातात आहे?

इंग्रजी कादंबरी वाचताना आपल्याकडचा विद्यार्थी अडतो शब्दांपाशी, पण गोष्ट त्याच्या हातून निसटते ती बहुधा माणसांपाशी. चार्ल्स डिकन्सची ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ घ्या. १८६०-६१मध्ये ती साप्ताहिकातून क्रमशः आली; एकूण ५९ प्रकरणं. यात माणसं येतात, दिसेनाशी होतात आणि बऱ्याच प्रकरणांनंतर परत येतात.

अकराव्या प्रकरणात मिस हॅविशॅमच्या बागेत एक फिकट चेहऱ्याचा मुलगा पिपशी मारामारी करतो. त्याचं नाव तिथे येत नाही. दहा प्रकरणांनंतर लंडनमध्ये भेटणारा हर्बर्ट पॉकेट तो हाच. पुढे हर्बर्ट पिपला ‘हँडेल’ म्हणू लागतो. हे लक्षात राहिलं नाही, तर हा हँडेल कोण, असा प्रश्न पडतो आणि शब्दकोश त्याचं उत्तर देत नाही.

म्हणून वहीचं शेवटचं पान पात्रांसाठी ठेवावं. नाव, पिपशी नातं, पहिलं दर्शन कोणत्या प्रकरणात, आणि चटकन ओळखू येईल अशी एक खूण. वकील जॅगर्सची खूण सोपी आहे: त्याच्या हातांना सुगंधी साबणाचा वास येतो. नाव कळलं नसेल तर खूणच लिहावी आणि पुढे जागा मोकळी सोडावी.

प्रत्येक अनोळखी शब्द शोधत बसलं की वाक्याच्या शेवटी सुरुवात विसरते. माझ्या मते पहिल्या वाचनात दोनच प्रकारचे शब्द शोधावेत: जो पुन्हापुन्हा येतो तो, आणि ज्याच्यावाचून काय घडलं हेच कळत नाही तो. पहिल्या प्रकरणात कैदी पिपकडे ‘फाइल’ मागतो. इथे कागदांची फाइल डोळ्यांपुढे आली, तर प्रसंगाला अर्थच राहत नाही. पायातली बेडी कापायला त्याला कानस हवी आहे. हा शब्द वहीत गेलाच पाहिजे, कारण दहाव्या प्रकरणात एक अनोळखी माणूस गुत्त्यात कानशीनेच आपलं पेय ढवळतो आणि पिप हादरतो. कैद्याचा ‘विटल्स’ मात्र कोशात सहज सापडणार नाही. तो ‘व’चा उच्चार ओठ गोल करून करतो, आणि स्पेलिंगही तसंच छापलं आहे. मोठ्याने वाचलं आणि पुढचं-मागचं पाहिलं की तो खायला मागतोय हे उमगतं.

प्रकरण संपल्यावर पुस्तक मिटून मराठीत तीन ओळी लिहाव्यात: कुणाला काय हवं होतं, काय बदललं, कोणता प्रश्न उरला. तिसरी ओळ सुचत नसेल, तर प्रकरणाची शेवटची दोन पानं पुन्हा वाचावीत. पुढची घाई करू नये.

काही भाग भरभर वाचला तरी चालतो. एकतिसाव्या प्रकरणातला वॉप्सलचा ‘हॅम्लेट’चा प्रयोग गमतीचा आहे, पण त्याने कथानक फारसं पुढे सरकत नाही. सत्तेचाळिसाव्या प्रकरणात पिप पुन्हा त्याचं नाटक पाहायला जातो, तेव्हा मात्र सावकाश वाचावं. रंगमंचावरून वॉप्सलला पिपच्या मागे बसलेला एक माणूस दिसतो, आणि त्याची नोंद पाचव्या प्रकरणापर्यंत वहीत झालेली असते.