पतीच्या नावावर लॉकर, नॉमिनी कुणीच नाही. बँक मॅनेजरला पत्र कसं लिहायचं?

पतीचं निधन झालं. बँकेतला लॉकर फक्त त्यांच्या नावावर होता. नॉमिनीची नोंद नाही. आत पत्नीचे लग्नातले दागिने आहेत, कदाचित जमिनीचे कागद आहेत आणि कदाचित मृत्युपत्रही असेल. चावी घरातल्या कपाटात सापडली आहे.

अशा वेळी पत्नी चावी घेऊन शाखेत जाते आणि "लॉकर उघडता येणार नाही, आधी अर्ज द्या" असं उत्तर घेऊन परत येते.

पण अर्जात नेमकं लिहायचं काय? तो कुणी करायचा? आणि प्रत्येक वेळी कोर्टात जावंच लागतं का?

हे समजून घेण्यासाठी लोणावळ्यातल्या एका कुटुंबाचं काल्पनिक उदाहरण घेऊया. पतीचा मृत्यू पुण्यातल्या रुग्णालयात झाला. पत्नी लोणावळ्यात राहते, मुलगा पिंपरीत नोकरी करतो, मुलगी लग्न होऊन तळेगावला गेली आहे. पतीची आई पवन मावळातल्या गावी असते. लॉकर लोणावळ्यातल्या बँकेत आहे.

चावी आहे, तरी बँक नकार का देते?

लॉकरला दोन चाव्या लागतात, एक ग्राहकाची आणि एक बँकेची. ग्राहकाच्या चावीमागे त्याचा बँकेशी झालेला करार असतो. पतीने हयातीत पत्नीला लॉकर वापरायचा लेखी अधिकार दिला असेल, तरी तो त्यांच्या मृत्यूबरोबर संपतो.

दुसरं कारण असं की, आत काय आहे हे बँकेला माहीत नसतं. खात्यात किती रुपये आहेत ते दिसतं, पण लॉकरमध्ये दोन बांगड्या आहेत की दहा, हे कुठेच लिहिलेलं नसतं. पत्नीने एकटीने लॉकर उघडला आणि नंतर दुसऱ्या वारसाने "आत आणखी दागिने होते" असं म्हटलं, तर कुणाकडेच पुरावा राहत नाही.

म्हणून या पत्रात खरं तर दोन मागण्या असतात. पहिली, सगळ्यांसमोर लॉकर उघडून आतल्या वस्तूंची यादी करा. दुसरी, त्या वस्तू वारसांच्या ताब्यात द्या. या दोन्ही मागण्या पत्रात वेगवेगळ्या लिहाव्यात. यादी करायला सगळे तयार असतात, पण ताबा कुणाला यावर मतभेद होऊ शकतात.

वारस नेमके कोण?

पत्र अडतं ते बहुतेक इथेच.

हिंदू वारसा कायदा, 1956 नुसार मृत्युपत्र न करता पुरुषाचा मृत्यू झाला तर पत्नी, मुलगे, मुली आणि आई हे पहिल्या वर्गातले वारस असतात. यात आईचं नाव हमखास राहून जातं. 'नवऱ्याचं ते बायको-मुलांचं' असं घरात गृहीत धरलेलं असतं. पण कायद्याने आईचा वाटा पत्नी आणि मुलांइतकाच असतो. लग्न झालेल्या मुलीचाही तेवढाच. वडील हयात असतील तर ते मात्र दुसऱ्या वर्गात येतात.

म्हणजे आपल्या उदाहरणात वारस चार आहेत: पत्नी, मुलगा, मुलगी आणि आई. लॉकर पत्नीच्या नावावर असता आणि तिचं निधन झालं असतं, तर पती, मुलगा आणि मुलगी असे तीन वारस झाले असते. इतर धर्मीयांसाठी त्यांचे वारसा कायदे लागू होतात.

बँक कोणते कागद मागते?

रिझर्व्ह बँकेने 26 सप्टेंबर 2025 रोजी मृत ग्राहकांच्या दाव्यांबद्दल नवे निर्देश काढले. बँकांनी ते उशिरात उशिरा 31 मार्च 2026 पर्यंत लागू करायचे होते. नॉमिनी नसलेल्या लॉकरसाठीही त्यात सोपी पद्धत दिली आहे. त्यासाठी वारसांमध्ये वाद नसावा.

या पद्धतीत बँकेचा ठरलेला दावा अर्ज, मृत्यूचा दाखला आणि दावेदारांची ओळखपत्रं लागतात. जे वारस स्वतः दावा करत नाहीत, त्यांचं ना-हरकत पत्र लागतं. वारस कोण आहेत हे दाखवण्यासाठी सक्षम अधिकाऱ्याचा वारस दाखला चालतो. तो नसेल तर कुटुंबाला चांगलं ओळखणाऱ्या, पण कुटुंबाशी संबंध नसलेल्या आणि बँकेला मान्य असलेल्या व्यक्तीचं निवेदन चालतं.

इथे दोन गोष्टींत गोंधळ होतो.

एक, मृत्यूचा दाखला जिथे मृत्यू झाला तिथून मिळतो. आपल्या उदाहरणात तो लोणावळा नगरपरिषद देणार नाही, पुणे महापालिका देईल.

दोन, सातबाऱ्यावर वारसांची नावं लागली म्हणजे वारस दाखला मिळाला असं होत नाही. तलाठ्याकडची वारस नोंद ही जमिनीच्या महसुली अभिलेखापुरती असते. ती पत्रासोबत जोडायला हरकत नाही, पण बँक तेवढ्यावर भागवेल असं नाही.

पत्राचा नमुना

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
(बँकेचं नाव), लोणावळा शाखा

विषय: कै. (पतीचे नाव) यांच्या नावावरील लॉकर क्र. (...) वारसांच्या उपस्थितीत उघडून वस्तूंची यादी करणे व ताबा मिळणेबाबत.

महोदय,

माझे पती कै. (नाव) यांचे दिनांक (...) रोजी पुणे येथे निधन झाले. वरील लॉकर केवळ त्यांच्या नावावर असून, आमच्या माहितीप्रमाणे त्यास नामनिर्देशन केलेले नाही. कृपया आपल्या नोंदी तपासून याबाबत लेखी कळवावे.

त्यांचे कायदेशीर वारस पुढीलप्रमाणे आहेत: 1) मी, पत्नी 2) मुलगा 3) विवाहित मुलगी 4) आई (प्रत्येकाचे पूर्ण नाव, वय, पत्ता). यांशिवाय अन्य वारस नाहीत. आमच्यात या लॉकरबाबत कोणताही वाद नाही, तसेच न्यायालयाचा मनाई आदेश आमच्या माहितीत नाही. त्यांनी मृत्युपत्र केल्याचे आम्हास माहीत नाही.

आमची विनंती अशी:
अ) आम्हा वारसांच्या व दोन स्वतंत्र साक्षीदारांच्या उपस्थितीत लॉकर उघडून वस्तूंची यादी करावी व तिची प्रत द्यावी.
ब) मृत्युपत्र न आढळल्यास वस्तूंचा ताबा अर्जदार क्र. 1 ते 3 यांना एकत्रितपणे द्यावा. क्र. 4 यांचे ना-हरकत पत्र जोडले आहे.

लॉकरची चावी आमच्याकडे आहे. थकीत भाडे असल्यास कळवावे. आणखी कागदपत्रे लागल्यास त्यांची यादी एकाच वेळी लेखी द्यावी.

आपले नम्र,
(तिन्ही अर्जदारांच्या सह्या, मोबाइल क्रमांक, दिनांक)

सोबत: मृत्यूचा दाखला, ओळखपत्रे, बँकेचा दावा अर्ज, वारसांबाबतचे निवेदन, ना-हरकत पत्र.

पत्राच्या दोन प्रती काढाव्यात आणि एकीवर शाखेचा शिक्का, सही आणि तारीख घ्यावी. चावी हरवली असेल तर पत्रात तसं लिहावं. मग लॉकर फोडावा लागतो आणि त्याचा खर्च सहसा दावेदारांवर येतो.

"वाद नाही" हे वाक्य केवळ खरं असेल तरच लिहावं. तसंच एखाद्या वारसाचं नाव लपवून ताबा घेतला आणि ते पुढे उघड झालं, तर सह्या करणारेच अडचणीत येतात.

ना-हरकत म्हणजे हक्क सोडला का?

मावळात जमिनीच्या व्यवहारांमुळे 'हक्कसोड' हा शब्द घराघरात माहीत आहे. त्यामुळे बँकेचा कागद समोर आला की मुलगी किंवा सासूबाई दचकतात.

बँकेच्या ना-हरकत पत्राचा हेतू मर्यादित असतो. "वस्तू अमुक वारसाकडे द्यायला माझी हरकत नाही" इतकंच त्यातून बँकेला हवं असतं. वस्तू कुणाच्या मालकीच्या, हे बँक ठरवत नाही. तरीही सही करण्याआधी मजकूर वाचावा. "माझा कोणताही हिस्सा राहिलेला नाही" असं लिहिलेलं असेल तर अर्थ बदलतो.

हाच नियम नॉमिनीलाही लागू होतो. नॉमिनी असता तर ताबा लवकर मिळाला असता, पण मालकी आपोआप मिळाली नसती. 'कालनिर्णय'चे संस्थापक जयंत साळगावकर यांच्या कुटुंबातला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. शेअर्स आणि म्युच्युअल फंडांच्या त्या प्रकरणात न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये सांगितलं की, नॉमिनी झाल्यामुळे वारसांचा हक्क संपत नाही.

मग पत्नीच्या स्वतःच्या दागिन्यांचं काय? तिचं स्त्रीधन पतीच्या लॉकरमध्ये ठेवलं म्हणून पतीचं होत नाही. त्यामुळे ते वारसांमध्ये वाटलंही जात नाही. पण कोणता दागिना कुणाचा हे शाखेत ठरत नाही. पावत्या, लग्नातले फोटो आणि घरच्यांची संमती इथे उपयोगी पडते.

पत्र दिल्यानंतर काय होतं?

सगळी कागदपत्रं मिळाल्यापासून 15 दिवसांत बँकेने दावा तपासून, यादी करण्याची तारीख ठरवण्यासाठी दावेदारांशी संपर्क साधायचा असतो. बँकेमुळे उशीर झाला तर दर दिवसाला 5,000 रुपये भरपाईची तरतूद आहे. पण दिवस मोजले जातात ते शेवटचा कागद दिल्यापासून. म्हणूनच पत्रात "यादी एकाच वेळी लेखी द्यावी" हे वाक्य महत्त्वाचं आहे.

ठरलेल्या दिवशी बँकेचे अधिकारी, दावेदार आणि साक्षीदार यांच्यासमोर लॉकर उघडला जातो. यादीत वस्तूंचं वर्णन येतं आणि सगळे सही करतात. सीलबंद पाकीट सापडलं तर ते उघडून पाहायची सक्ती बँकेवर नाही. आत मृत्युपत्र सापडलं, तर ताब्याची मागणी तिथेच थांबवून वकिलाचा सल्ला घ्यावा.

उत्तर मिळालं नाही तर आधी बँकेच्या तक्रार कक्षाकडे लेखी तक्रार करावी. 30 दिवसांत समाधान झालं नाही तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे जाता येतं. लॉकर पतसंस्थेत असेल तर मात्र हे निर्देश आणि लोकपाल दोन्ही लागू होत नाहीत. तिथे संस्थेचे उपविधी आणि सहकार खात्याचा निबंधक हा मार्ग आहे.

कोर्टात कधी जावं लागतं?

वारसांमध्ये वाद असेल, एखादा वारस सापडत नसेल किंवा बँकेला वारसांबद्दल खरी शंका असेल, तर न्यायालयाचा आदेश लागतो. मावळ तालुक्यासाठी हे काम वडगाव मावळच्या दिवाणी न्यायालयात चालतं.

वकिलाला इथे एक प्रश्न नक्की विचारावा: नेमका कोणता दाखला मागायचा? 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याखालचं 'सक्सेशन सर्टिफिकेट' हे येणी आणि रोख्यांसाठी असतं, म्हणजे बँकेतल्या ठेवी, शेअर्स वगैरे. दागिने त्यात बसत नाहीत. महाराष्ट्रात 1827 च्या मुंबई विनियम क्रमांक 8 खाली वारस दाखला मागता येतो आणि लॉकरसाठी तो जास्त जवळचा मार्ग आहे. हा फरक लक्षात न आल्याने काही जण महिनोन्‌महिने थांबून आणलेला दाखला घेऊन शाखेत जातात आणि "यात लॉकरचा उल्लेख नाही" हे ऐकतात.

लॉकर सध्या एकाच्याच नावावर असेल, तर हा सगळा व्याप हयातीतच टाळता येतो. 1 नोव्हेंबर 2025 पासून लॉकरसाठी एकापाठोपाठ एक अशा क्रमाने चार जणांपर्यंत नॉमिनी नेमता येतात. त्याचा अर्ज शाखेतच मिळतो.