दुसऱ्या किमतीचा लिलाव

या लिलावात (बंद पाकिटातून बोली, सर्वांत मोठी बोली जिंकते, पण पैसे दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतके) बोली थोडी कमी लावली की वस्तू स्वस्त पडते, असा अनेकांचा समज असतो. तो स्वाभाविक आहे. नेहमीच्या बंद निविदेत तसेच घडते. इथे मात्र तुमची बोली जिंकणे-हरणे ठरवते, किंमत प्रतिस्पर्धी ठरवतो. बाजारातल्या तोंडी लिलावातही शेवटचा प्रतिस्पर्धी गप्प बसला की त्याच्याच आकड्याच्या आसपास सौदा ठरतो.

एक जुने टपाल तिकीट तुमच्या लेखी ५,००० रुपयांचे आहे. इतरांची सर्वोच्च बोली ४,२०० असेल, तर ५,००० लिहा की ४,५००, द्यायचे ४,२००च. ४,००० लिहिले तर ८०० रुपयांचा फायदा हातचा जातो. उलट, इतरांची बोली ५,६०० असताना ६,००० लिहिले तर जिंकूनही ६०० रुपयांचा तोटा. म्हणून इतर काहीही लिहोत, ५,०००पेक्षा सरस आकडा नाही. विल्यम विक्री यांनी हे १९६१मध्ये मांडले.

अट अशी, की वस्तूचे मोल तुमचे तुम्हाला ठाऊक हवे. विक्रेत्याने पाकिटे पाहून मागाहून ४,९००ची खोटी बोली घुसवली, तर मात्र हा हिशोब कोलमडतो.